‘महोदय’ की ‘नमस्कार दादा’?

मराठीत निरोपाची पहिली ओळ लिहून झाली की पुढची निम्मी भाषा ठरून जाते. ‘महोदय’ लिहिले की मागोमाग ‘आपण’ येते आणि वाक्य ‘करावे, ही विनंती’ असे संपते. ‘नमस्कार दादा’ लिहिले की ‘तुम्ही’ येते आणि ‘कराल का?’ असे विचारता येते. ‘काय रे’ लिहिले की ‘तू’ आणि ‘करून टाक ना’. इंग्रजीत ‘डिअर सर’ आणि ‘हाय’ या दोन्हींच्या खाली ‘यू’ हे एकच सर्वनाम चालते, त्यामुळे मायना थोडा चुकला तरी चूक त्या एका ओळीपुरती राहते. मराठीत ती सहीपर्यंत पोहोचते. ईमेलला औपचारिक मायना लावावा की चॅटवरच्यासारखे मोकळे अभिवादन करावे, हा प्रश्न म्हणूनच मराठीत शिष्टाचाराइतकाच व्याकरणाचाही आहे.

सर्वांत जास्त आढळणारी चूकही याच जागी होते. वर ‘महोदय’ आणि खाली ‘तुम्ही अजून माणूस पाठवला नाही, जरा बघा ना’ असा मजकूर असतो. किंवा उलट, वर ‘हाय ताई’ आणि खाली ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’. दोन्हींत शब्द सुटे पाहिले तर एकही चूक नाही. पण वाचणाऱ्याला वाटते की मायना एकाने लिहिला आणि मजकूर दुसऱ्याने. बहुतेक वेळा खरोखरच तसे झालेले असते. वरची ओळ जुन्या मेलमधून उचललेली असते आणि खालचा मजकूर बोलल्यासारखा लिहिलेला असतो.

मायन्याच्या बाबतीत मराठीची परंपरा दांडगी आहे. मराठेशाहीतल्या मोडी पत्रांत ‘राजमान्य राजेश्री’, ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’, ‘गोसावी यांसी’ अशी विशेषणे ठरलेली असत. कोणाला कोणते लावायचे हे समोरच्याच्या दर्जावर आणि लिहिणाऱ्याशी असलेल्या त्याच्या नात्यावर अवलंबून असे. समाप्तीही ‘बहुत काय लिहिणे’ अशी साच्यातली असे. पुढे टपालाच्या काळात हे सगळे आटोपशीर झाले. ‘राजमान्य राजेश्री’चे ‘रा. रा.’ झाले. वडिलांना ‘ती.’, धाकट्यांना ‘चि.’, मोठ्यांना ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पोस्टकार्डावर जागा कमी असली तरी ही अक्षरे कोणी गाळत नसे, कारण पत्र कोणत्या नात्याने लिहिले आहे ते त्यांच्यावरून कळे. घरच्या पत्राची ही शाखा होती. शेजारी कचेरीच्या पत्राची दुसरी शाखा वाढत होती. ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’ हा तिचा सांगाडा.

ईमेलने ही दुसरी शाखा उचलली. संगणकांच्या जाळ्यावरून पहिला ईमेल 1971 मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने पाठवला. ईमेलच्या चौकटीत ‘कोणाला’, ‘प्रत कोणाला’ आणि ‘विषय’ हे रकाने आहेत. ते सरळ कार्यालयीन पत्रातून आलेले आहेत. व्हॉट्सॲप 2009 मध्ये निघाले. त्याच्या चौकटीत विषयाचा रकाना नाही आणि प्रतीचाही नाही. आहे ती फक्त समोरच्याच्या नावाची पट्टी आणि मागच्या बोलण्याचा धागा. चॅट ही पत्राची धाकटी बहीण नव्हे. ती दारात उभे राहून मारलेली हाक आहे. हाकेला ‘अहो’, ‘दादा’, ‘ताई’, ‘काय म्हणता’ शोभते, ‘महोदय’ शोभत नाही. घरच्या पत्रातल्या ‘ती.’ आणि ‘चि.’ यांचे नात्याचे काम आज चॅटमधल्या ‘काका’, ‘काकू’, ‘बाळा’ यांनी पत्करले आहे.

केवळ माध्यमावरून मायना ठरवला तर मात्र फसगत होते. ‘ईमेल म्हणजे औपचारिक, चॅट म्हणजे मोकळे’ हा नियम ढोबळ आहे. मित्राला ईमेल करताना ‘महोदय’ लिहिले तर तो घाबरेल. अनोळखी अधिकाऱ्याने सोयीसाठी व्हॉट्सॲप क्रमांक दिला म्हणून त्यांना ‘हाय’ म्हणता येत नाही. निवड करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. हा मजकूर आज जो वाचणार आहे त्याच्याखेरीज पुढे आणखी कोण वाचेल, ही एक. आणि समोरच्या व्यक्तीने आपल्याला आतापर्यंत काय म्हणून हाक मारली आहे, ही दुसरी.

पहिली गोष्ट सरकारी कार्यालयाला लिहिताना ठळकपणे दिसते. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात ‘माहिती’ची जी व्याख्या आहे, तीत ईमेलचा नावानिशी उल्लेख आहे. सार्वजनिक कार्यालयाला पाठवलेला ईमेल उद्या तिसऱ्याच नागरिकाच्या हाती पडू शकतो, तोही लिहिणाऱ्याच्या मायन्यासकट. शिवाय अनेक कार्यालयांत आलेला ईमेल छापून आवक नोंदवहीत चढवला जातो आणि मग टेबलावरून टेबलावर फिरतो. छापलेल्या कागदावर ‘प्रति, मा. उपनिबंधक, सहकारी संस्था’ असे नसेल, तर तो कोणत्या टेबलाचा हे कारकुनाला कळत नाही. ईमेलच्या वरच्या पट्टीत पत्ता असतानाही मजकुरात ‘प्रति’ लिहिण्याची सरकारी पद्धत त्यामुळे जुनाट ठरत नाही. खाजगी कंपनीत मेल छापला जात नाही, तेथे ‘प्रति’ गाळले तरी चालते. विषय मात्र तेथेही गाळता येत नाही, कारण पेटीत आधी तोच दिसतो.

दुरुस्तीची सोयही दोन माध्यमांत सारखी नाही. व्हॉट्सॲपवरचा संदेश पाठवल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत सुधारता येतो आणि काही काळ सर्वांसाठी पुसताही येतो. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त तीस सेकंद मिळतात, तेही आधी तशी सेटिंग करून ठेवली असेल तर. चॅटमध्ये ‘सर’च्या जागी ‘सरिता’ गेले तर हसण्यावारी नेता येते. मेलच्या मायन्यात आडनाव चुकले तर ते उत्तर-प्रत्युत्तराच्या साखळीत तळाशी कायमचे राहते.

आता प्रत्यक्ष शब्दांकडे. माणूस कोण हे ठाऊक नसेल आणि पद ठाऊक असेल, तर ‘महोदय/महोदया’ हा बिनचूक मायना आहे. अधिकारी स्त्री आहे हे माहीत असताना नुसते ‘महोदय’ लिहिणे हा निष्काळजीपणा होय. माणूस ठाऊक असेल, पण ओळख नसेल, तर पूर्ण नाव लिहून ‘यांना नमस्कार’ असे लिहिणे आजच्या खाजगी व्यवहारात सर्वांत सुरक्षित. डॉक्टर, प्राध्यापक, वकील असतील तर ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘ॲड.’ लावले की लिंगाचा आणि वैवाहिक स्थितीचा प्रश्नच येत नाही. हा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत मराठीत नाजूक आहे. ‘सौ.’ लिहिणे म्हणजे कार्यालयीन पत्रात विवाहाची नोंद करणे, आणि तिचा कामाशी काही संबंध नसतो. ‘श्रीमती’ हे सरकारी व्यवहारात सर्व स्त्रियांसाठी वापरतात, पण जुन्या पिढीत तो शब्द विधवेसाठी रूढ होता आणि अजून काहींना तो खटकतो. नाव आणि पद लिहून उपाधी सोडून दिली, तर कोणाचाही अनादर होत नाही.

‘प्रिय’ हा शब्द तर हमखास घोटाळ्यात टाकतो. इंग्रजी पत्राच्या वळणावर वाढलेली मंडळी ‘डिअर’च्या जागी तो ठेवतात आणि बँकेच्या शाखाधिकाऱ्याला किंवा कधीही न भेटलेल्या महिला अधिकाऱ्याला ‘प्रिय’ करून टाकतात. इंग्रजीत ‘डिअर’मधली माया केव्हाच विरली आहे. मराठीत ‘प्रिय’मध्ये ती शाबूत आहे. तो शब्द मित्र, भावंडे, विद्यार्थी आणि सभासद यांच्यासाठी ठेवावा.

चॅटच्या अभिवादनात गफलत शब्दांपेक्षा रचनेची असते. अनेकजण ‘नमस्कार’ किंवा ‘हाय’ एवढेच पाठवून थांबतात आणि समोरून उत्तर आले की मग काम सांगतात. फोनवर हे ठीक आहे, कारण पलीकडचा माणूस त्याच क्षणी ऐकत असतो. चॅटवर तो तीन तासांनी पाहतो, ‘नमस्कार, बोला’ म्हणतो, तोवर पहिला माणूस कामात गेलेला असतो. एका प्रश्नाला दिवस लागतो. शिवाय फोनच्या पडद्यावर संदेशाचे पहिले काही शब्दच डोकावतात. त्यात फक्त ‘हाय’ दिसले तर उसने मागायचे आहेत, वाईट बातमी आहे की गंमत, काहीच कळत नाही. अभिवादन आणि काम एकाच संदेशात पाठवणे हाच समोरच्याबद्दलचा आदर. अनोळखी क्रमांकावर लिहिताना त्यात स्वतःचे नाव आणि ओळखीचा दुवाही यायला हवा: ‘नमस्कार मॅडम, मी अमुक सोसायटीची सचिव. आपला नंबर तुमच्या ऑफिसमधून मिळाला.’ एवढे झाले की पुढचे वाक्य थेट कामाचे.

अभिवादन दिवसातून एकदा पुरे. त्याच दिवशी दुसऱ्या, तिसऱ्या संदेशाला पुन्हा ‘नमस्कार’ जोडला की आधीचे बोलणे विसरल्यासारखे वाटते. ईमेलच्या साखळीतही तिसऱ्या-चौथ्या उत्तराला पूर्ण मायन्याची गरज उरत नाही. ‘धन्यवाद’ने सुरुवात करून मुद्द्यावर येता येते. मात्र साखळीत नवा माणूस जोडला गेला, तर मायना पुन्हा लिहावा आणि त्यात त्याचे नाव घ्यावे.

एकच माणूस, एकच काम आणि तरीही दोन मायने, हे एका गृहनिर्माण संस्थेच्या उदाहरणावरून नीट दिसते. समजा, ठाण्यातल्या सात मजली इमारतीच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग मे 2024 मध्ये झाले. ठेकेदाराने करारात पाच वर्षांची हमी दिली. तो वयाने मोठा, कामाला चोख, आणि कमिटीतले सगळे त्याला ‘दादा’ म्हणतात. पुढच्या वर्षीच्या जुलैत 702 क्रमांकाच्या घरात छत गळू लागले. संस्थेच्या सचिव बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी चॅटवर लिहिले:

‘नमस्कार दादा, 702 च्या बेडरूमच्या छतातून काल रात्रीपासून पाणी ठिबकतंय. फोटो पाठवलाय. आज-उद्या माणूस पाठवता येईल का?’

हा संदेश जसा हवा तसा आहे. हाक नात्याची, काम पहिल्याच वाक्यात, क्रियापदे ‘तुम्ही’ची, भाषा बोलीतली. येथे ‘महोदय’ लिहिले असते तर दादा चपापले असते आणि भांडणाची तयारी चालली आहे असे समजले असते. पण संदेशावर निळ्या खुणा आल्या आणि उत्तर आले नाही. तीन दिवसांनी आठवण केली, तेव्हा ‘बघतो’ एवढेच आले. 702 मधल्या काकूंनी पलंग हॉलमध्ये हलवला आणि कमिटीकडे लेखी तक्रार दिली. आता चॅट पुरेसे राहिले नाही. सचिवांनी मेल लिहिला:

‘विषय: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची हमीकाळातील गळती, सदनिका क्र. 702

महोदय,

आपण मे 2024 मध्ये आमच्या इमारतीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम पूर्ण केले असून करारानुसार त्यास पाच वर्षांची हमी आहे. दि. 8 जुलैपासून सदनिका क्र. 702 मध्ये छतातून गळती होत आहे. याबाबत दि. 9 व 12 जुलै रोजी आपणांस व्हॉट्सॲपवर कळवले होते. कृपया सात दिवसांत पाहणी करून दुरुस्तीच्या तारखा लेखी कळवाव्यात, ही विनंती.

आपली विश्वासू,
सचिव’

या मेलमध्ये ‘दादा’ का चालला नसता, हे पाहण्यासारखे आहे. मेल आज ठेकेदार वाचेल. उद्या त्याच्या कार्यालयातला हिशेबनीस वाचेल. निवडणूक होऊन नवी कमिटी आली की तिच्या हाती हीच फाइल पडेल. प्रकरण चिघळले तर ग्राहक आयोगापुढेही तो कागद जाईल. यांपैकी कोणाचेही ‘दादां’शी नाते नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘दादा, जरा बघा ना’ म्हटले की करारातली हमी कृपेसारखी वाटू लागते. मागणी हक्काची आहे आणि शब्द आर्जवाचे. वाचणारा शब्दांवर विश्वास ठेवतो. ‘महोदय’ आणि ‘ही विनंती’ यांत आदर पूर्ण आहे, आर्जव नाही. कार्यालयीन मायन्याचा खरा उपयोग हाच. नाते बाजूला ठेवून हक्क आणि जबाबदारी यांविषयी बोलता येते आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

पण नाते तर आहेच, आणि ते तुटायला नको आहे. इतके दिवस ‘दादा’ म्हणून घेतलेल्या माणसाच्या पेटीत अचानक ‘महोदय’ येऊन पडले की तो शब्द त्याला थोबाडीत मारल्यासारखा लागतो. मराठीत आदराची पायरी एकाएकी चढवणे ही रागाची ओळखीची खूण आहे. घरातसुद्धा मुलाला ‘तू’ऐवजी ‘आपण’ म्हटले की काहीतरी बिनसले आहे हे त्याला कळते. म्हणून सचिवांनी मेल पाठवण्याच्या पाच मिनिटे आधी चॅटवर लिहिले:

‘दादा, काकूंची लेखी तक्रार आली म्हणून कमिटीच्या रेकॉर्डसाठी आज मेल पाठवतेय. भाषा ऑफिसची आहे, मनात काही नाही. उघडीप मिळाली की माणूस नक्की पाठवा.’

एकाच दुपारी एकाच माणसाला गेलेल्या या दोन मजकुरांत विसंगती नाही. मेल संस्थेने कंत्राटदाराला लिहिला, चॅट एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला. दोन्ही आपापल्या भाषेत शेवटपर्यंत टिकून राहिले. मेलमध्ये एकही ‘ना’ नाही आणि चॅटमध्ये एकही ‘आपणांस’ नाही. त्याऐवजी सचिवांनी मधला मार्ग म्हणून ‘आदरणीय दादा’ असा मेल लिहिला असता, तर फाइलमधला कागद लटका झाला असता आणि दादांनाही तो परका वाटला असता.

पायरी चढवण्याचे हे वजन ध्यानात घेतले की सुरुवात कोठून करावी हेही ठरते. नव्या ओळखीत वरच्या पायरीवरून सुरुवात करावी. खाली येणे सोपे असते, त्यात जवळीक वाढते. वर जाणे अवघड असते, त्यात दुरावा दिसतो. आणि खाली येण्याची पहिली खूण समोरून यावी, विशेषतः तो वयाने किंवा अधिकाराने मोठा असेल तेव्हा. प्राध्यापकांना ‘माननीय सर, सादर प्रणाम’ असा मेल लिहिला आणि उत्तर ‘नमस्कार, पत्र मिळाले. मंगळवारी फोन करा’ असे आले, तर पुढच्या मेलला ‘नमस्कार सर’ पुरे. ‘सादर प्रणाम’ धरून ठेवला तर त्यांनी मोकळे केलेले दार पुन्हा लोटल्यासारखे होते. ते ‘हाय’ म्हणाले म्हणून विद्यार्थ्यानेही ‘हाय’ म्हणावे असे मात्र नाही. मराठीत मोठा माणूस दोन पायऱ्या उतरला तर धाकट्याने एक उतरायची असते.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत या हिशेबाला आणखी एक पेच पडतो. तेथे इंग्रजी मेलमध्ये विभागप्रमुखालाही नुसत्या नावाने हाक मारण्याची रीत आहे आणि पंचविशीतली मुले साठीच्या माणसाला बिनदिक्कत ‘हाय’ लिहितात. तोच माणूस मराठीत बोलू लागला की ती रीत लागू पडत नाही. इंग्रजी नावाच्या मागे मराठी ‘तू’ येऊ शकत नाही आणि नुसत्या नावापुढे ‘तुम्ही’ अवघडल्यासारखे होते. मग बहुतेक जण चॅटवर मराठीत ‘सर’ म्हणतात आणि मेलवर इंग्रजीत नाव घेतात. हे ढोंग नाही. प्रत्येक भाषा आपला मायना आणि आपले सर्वनाम बरोबर घेऊन येते, आणि भाषा बदलली की दोन्ही बदलावे लागतात. अडचण होते ती एकाच वाक्यात दोन भाषा मिसळल्यावर. ‘हाय’ लिहून पुढे मराठी मजकूर लिहायचा असेल, तर नावाला ‘सर’, ‘मॅडम’, ‘ताई’ यांपैकी काहीतरी जोडून ‘तुम्ही’साठी जागा करून द्यावी लागते.

ग्रुपमध्ये सर्वांत मोठ्या माणसाचा हिशेब धरावा. ज्या ग्रुपमध्ये मित्र आहेत आणि त्यांच्यापैकी एकाचे सासरेही आहेत, तेथे ‘काय रे भावांनो’ चालत नाही, ‘सर्वांना नमस्कार’ चालते. आणि एखाद्याला कामाचे सांगायचे असेल, तर त्याचे नाव घेऊन सांगावे, नाहीतर ‘सर्वांना’ म्हटलेले कोणीच स्वतःला लावून घेत नाही.

मायना चुकला हे समोरचा क्वचितच तोंडाने सांगतो. ते उत्तराच्या पहिल्या ओळीत दिसते. ‘हाय’ला ‘नमस्कार’ आला, ‘दादा’ला आडनावाने उत्तर आले, किंवा ‘तुम्ही’ला ‘आपण’ आले, तर आपण एक पायरी खाली होतो असे समजावे. अशा वेळी माफीचा मजकूर लिहायची गरज नसते. त्यांनी जो मायना वापरला, तोच पुढच्या उत्तरात वापरावा आणि क्रियापदे त्याप्रमाणे बदलावीत. तिसऱ्या निरोपापर्यंत दोघांची पायरी जुळलेली असते.